फोटोंतल्या पानांवरचे अस्पष्ट शब्द आणि तपासनिसाला द्यायची टीप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने लिहिलेल्या वहीचे किंवा जुन्या छापील पुस्तकाचे फोटो पाहून मजकूर टंकित करणाऱ्यांसाठी हे पान आहे. टंकित प्रत तपासनिसाकडे पाठवताना तिच्यासोबत अस्पष्ट शब्दांची टीप जोडतात. ती कशी लिहायची आणि शब्दांचा निकाल कसा लावायचा, याबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी उदाहरणे पर्जन्यमानाच्या एका हस्तलिखित नोंदवहीची आहेत. ही वही समजावण्यापुरती कल्पिलेली आहे.

टंकित मजकुरात शंकेची खूण केलेलीच असते. मग वेगळी टीप कशासाठी?

मजकुरातली खूण फक्त इथे शंका आहे एवढेच सांगते. शंका कशाची होती, दुसरा कोणता शब्द शक्य होता आणि तो का सोडला, हे तिच्यात मावत नाही. ही माहिती हाती नसेल तर तपासनिसाला प्रत्येक खुणेपाशी फोटो उघडून तुम्ही केलेला सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. असे शे-दीडशे शब्द झाले की तो थकतो आणि पुढच्या खुणा तुमच्यावर विश्वास टाकून सोडून देतो. तपासणी खरी तर तिथेच थांबते.

टीप वाचून तपासनिसाला तुमच्याशी पटकन असहमत होता आले पाहिजे. डोळ्यांना काय दिसले आणि त्यावरून काय ठरवले, या दोन गोष्टी टिपेत वेगळ्या लिहिल्या तरच हे जमते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक टिपा नेमक्या इथेच कमी पडतात. ‘अस्पष्ट होते, संदर्भावरून लावले’ असे लिहून आले तर माझ्या हाती काहीच लागत नाही.

कोणते शब्द टिपेत घालायचे?

जिथे दुसरा एखादा शब्द खरोखर शक्य होता, ते सगळे. अक्षर पुसट आहे, पण शब्द एकच होऊ शकतो, अशा जागा घालू नका. ‘पाऊ_’ दिसते, पुढे ‘पडला’ आहे आणि ‘स’ची उभी रेघ शाबूत आहे, तर नोंदीची गरज नाही. उलट, शब्द स्वच्छ दिसतो पण वाक्यात बसत नाही, अशी जागा जरूर घाला. तिथे तुम्ही वाचण्यात चुकला असाल किंवा मूळ लेखक लिहिण्यात चुकला असेल. यांतले काय, ते दुसऱ्या डोळ्यांनी पाहायला हवे.

एका नोंदीत काय काय असावे?

जागा, फोटोचे नाव, दिसते ते, घेतलेला पाठ, कारण आणि खात्रीची पायरी. जागा वहीच्या पानावरून आणि ओळीवरून सांगा. टंकित फाइलचा पानक्रमांक देऊ नका, कारण फाँट बदलला की तो सरकतो. एक नमुना :

पान ४१, ओळ १२. फोटो `IMG_0412.jpg`.
दिसते : ‘समोरच्या द–यांत धुके’. ‘य’च्या डावीकडे आडवा फराटा आहे. वर रफार दिसत नाही, पण तिथला कागद विटलेला आहे.
घेतले : दऱ्यांत. सोडले : दर्यांत.
कारण : पान ३८, ओळ ५ वरच्या ‘वाऱ्याचा’ या शब्दात ‘य’च्या डावीकडे असाच फराटा आहे. याच पानावर ‘सूर्य’मधला रफार ठळक आणि उंच आहे.
खात्री : पक्की.

खात्रीच्या तीन पायऱ्या पुरतात : पक्की, बहुधा, अंदाज. टक्के लिहू नयेत. सत्तर आणि ऐंशी टक्क्यांतला फरक लिहिणाऱ्यालाही सांगता येत नसतो. तीन पायऱ्या असल्या की तपासनीस आधी अंदाज, मग बहुधा, या क्रमाने पाहू शकतो.

शब्द फोटोमुळे अस्पष्ट आहे की मूळ पानावरच, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. दोष फोटोचा असेल तर डोके चालवण्याआधी नवा फोटो मागवायचा असतो.

फोटोचा दोष शब्दापुरता थांबत नाही. हात हलला असेल तर त्या भागातली सगळी अक्षरे एकाच दिशेने फराटलेली दिसतात. बांधणीच्या बाजूला पान वळते, म्हणून तिथली अक्षरे अरुंद होतात आणि कानामात्रा एकमेकांत शिरतात. चकचकीत कागदावर दिव्याची चमक पडली तर शाईबरोबर कागदाचा पोतही नाहीसा होतो. याउलट शाई मुळातच उडालेली असेल तर अक्षर नसले तरी कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात. पोत दिसतो का, ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

एखादा ठिपका प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच जागी येत असेल तर तो पानावर नाही, कॅमेऱ्यात किंवा पान दाबायला ठेवलेल्या काचेवर आहे. सलग तीन-चार फोटो भराभर पुढेमागे करून पाहिले की कळते.

मागच्या पानाची शाई पुढे उमटली असेल तर उमटलेल्या रेघा फिक्या आणि उलट्या असतात. मागच्या पानाचा फोटो आडवा उलटवून शेजारी ठेवावा. कोणती रेघ कुठल्या बाजूची, ते तिथेच उलगडते :

```
magick IMG_0413.jpg -flop IMG_0413-ulat.png
```

नवा फोटो मागवताना नुसते ‘नीट काढा’ म्हणून भागत नाही, काय बदलायचे ते सांगावे लागते. मागची शाई उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवायला सांगा. घडी, खरवड किंवा दाब पाहायचा असेल तर दिवा एका बाजूने, जवळजवळ पानाच्या पातळीवर धरायला सांगा. बांधणीजवळची ओळ असेल तर कॅमेरा त्या वळलेल्या भागाच्या समोर आणायला सांगा, पूर्ण पान चौकटीत आले नाही तरी चालते. वही आता हाताशी नसेल आणि नवा फोटो मिळणार नसेल, तर तेही टिपेच्या सुरुवातीला लिहा. मग तपासनीस तीच मागणी पुन्हा करत नाही.

एखाद्या शब्दाचा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा लागतो?

नोंदवहीच्या ४१व्या पानावर सातव्या ओळीत असे वाक्य आहे : ‘छपरावर गारांचा _ार फार झाला.’ रिकाम्या जागेच्या अक्षरावर लाल शिक्का उमटलेला आहे आणि तिथूनच कागदाची उभी घडी जाते. अक्षराचा खालचा भाग स्पष्ट आहे. डावीकडे गाठ, उजवीकडे उभी रेघ. म्हणजे ‘म’ किंवा ‘भ’. छपरावर गारांचा मारही होतो आणि भारही, त्यामुळे वाक्य दोन्ही शब्द आनंदाने सामावून घेते. इथे ‘संदर्भावरून’ म्हणणे पोकळ ठरेल.

आधी शिक्का बाजूला काढायचा. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. लाल शाई लाल प्रकाश परत पाठवते, म्हणून फक्त लाल थर पाहिला की शिक्का कागदाइतकाच उजळ होऊन विरतो. काळी किंवा निळी शाई मात्र तिथेही गडद राहते.

```
magick IMG_0412.jpg -channel R -separate IMG_0412-R.png
```

या थरात अक्षराचा माथा दिसू लागला. शिरोरेघ अक्षराच्या डाव्या टोकाशी तुटल्यासारखी दिसते. ‘भ’वर शिरोरेघ तुटते आणि ‘म’वर सलग जाते, म्हणून पहिला कल ‘भार’कडे झाला. पण घडी नेमकी तिथूनच जाते. तेव्हा तुटलेपण लेखणीचे की घडीचे, असा प्रश्न उभा राहिला.

त्यासाठी याच लेखकाचा ‘भ’ पाहायला हवा. त्याच पानावर तिसऱ्या ओळीत ‘भिंत’ आहे आणि दहाव्या ओळीत ‘भरून’. दोन्हीकडे त्याने ‘भ’ वरच्या आकड्यापासून सुरू केला आहे आणि शिरोरेघेतली मोकळी जागा लेखणीच्या जाडीच्या दुपटीहून जास्त आहे. आपल्या शब्दातली फट केसाएवढीच आहे. एका बाजूने उजेड टाकून काढलेल्या नव्या फोटोत घडीची कड उजळून निघाली आणि दिसले, की शिरोरेघ घडीच्या दोन्ही बाजूंना एकाच सरळीत आहे. शाई फक्त कडेवरून झडली आहे. वरच्या आकड्याचा मागमूसही नाही.

म्हणून ‘मार’, खात्री पक्की. पुढच्या ओळीत ‘सात कौले फुटली’ असे आहे. ते ‘मार’ला पोषक आहे, पण टिपेत मी ते शेवटी लिहीन, कारण भारानेही कौले फुटतात. टिपेतली नोंद चार ओळींचीच होते, मात्र तिच्यात दोन्ही फोटोंची नावे, ‘भिंत’ आणि ‘भरून’ यांच्या जागा आणि फटीच्या रुंदीचा मुद्दा आला पाहिजे. तपासनिसाला तेवढे एका मिनिटात पडताळता येते.

अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक कसा करायचा?

देवनागरी उतरवताना सर्वांत जास्त शंका या एका टिंबाच्या निघतात. १९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिहिणे बंद झाले. त्याआधीच्या लेखनात ‘कांहीं’, ‘नांव’, ‘त्यानें’ अशी टिंबे सर्वत्र असतात. आज आपल्याला अनावश्यक वाटणारे टिंब त्या वहीत अगदी योग्य असू शकते. आजच्या सवयीने ते डाग समजून पुसले तर अर्थही हलतो. जुन्या पद्धतीत ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘नांव’ म्हणजे ज्याने माणसाला हाक मारतात ते. पुराच्या दिवसांच्या नोंदीत ‘नाव आली’ की ‘नांव आलें’ हे ठरवताना क्रियापदाचे लिंग कामी येते, पण तेही दर वेळी पूर्ण दिसत नाही.

मी तीन गोष्टी पाहते. टिंब शिरोरेघेपासून किती उंच आहे आणि लेखकाच्या इतर टिंबांशी ती उंची जुळते का? त्याचा रंग शेजारच्या अक्षराच्या शाईचा आहे का? बुरशीचा किंवा पाण्याचा डाग बहुधा तपकिरी असतो आणि त्याची कड पसरलेली असते. आणि लेखकाची सवय काय आहे? यासाठी स्वच्छ फोटोंची दोन पाने घेऊन तृतीयेची रूपे आणि नपुंसकलिंगी अनेकवचने तपासते. तिथे टिंब नेमाने दिलेले असेल तर पुसट जागीही त्याला झुकते माप मिळते. लेखक स्वतःच कधी देतो, कधी देत नाही, असे आढळले तर सवयीचा पुरावा बाद. मग डोळ्यांना दिसते तेवढेच घ्यायचे.

अशा शेकडो जागा असतील तर प्रत्येकीची नोंद करू नका. टिपेच्या आरंभी एक नियम लिहा, उदाहरणार्थ ‘तृतीयेच्या ने-प्रत्ययावरचे पुसट टिंब घेतले आहे, कारण पाने १२ आणि १३ वर ते नेमाने आहे’. अर्थ बदलतो तिथेच स्वतंत्र नोंद द्या.

आकडे अस्पष्ट असतील तर?

आकड्यांना आजूबाजूच्या वाक्याचा आधार नसतो, पण बेरजेचा असतो. ४४व्या पानावर चार दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिला आहे : १२, ४५, ३_ आणि २०. खाली बेरीज ११६, स्पष्ट. अस्पष्ट अंक १ किंवा ९ वाटतो. ३१ धरले तर बेरीज १०८ होते, ३९ धरले तर ११६. म्हणून ३९.

तरीही इथे ‘पक्की’ लिहिण्याआधी एक काम उरते. बेरीज मूळ लेखकाने केली आहे आणि ती चुकू शकते. त्याच वहीतल्या, सगळे अंक स्वच्छ असलेल्या पाच-सहा पानांच्या बेरजा करून पाहा. सगळ्या बरोबर निघाल्या तर पक्की, एखादी चुकीची निघाली तर बहुधा. कोणती पाने तपासली, ते नोंदीत लिहा.

संदर्भावर कितपत विसंबावे?

अक्षराच्या आकाराने शब्द दोन-तीन पर्यायांपर्यंत आणून ठेवला की त्यांच्यातून निवडण्यापुरते. आकार न पाहता निव्वळ अर्थावरून शब्द घातला तर तो तुमचा शब्द होतो, लेखकाचा राहत नाही.

जुन्या पोथ्यांचे पाठ ठरवणाऱ्या संपादकांचा एक दंडक आहे. दोन पाठांपैकी अवघड, अनोळखी पाठ मूळचा असण्याची शक्यता जास्त, कारण नकलणारा माणूस अवघड शब्दाच्या जागी नकळत सोपा शब्द लिहितो. फोटोवरून उतरवताना तो नकलणारा आपण असतो. डोळा ओळखीचा शब्द आधी पाहतो. म्हणून एखादा शब्द फार सहज ‘लागला’ तर अक्षरे सुटी करून, उजवीकडून डावीकडे मोजत पुन्हा पाहावीत. अनोळखी शब्द निघाला तर तो कोशात शोधावा. कोशात सापडला नाही म्हणून तो चूक ठरत नाही, कारण एखाद्या कामातले किंवा बोलीतले शब्द कोशाबाहेर राहून गेलेले असतात.

फोनमधल्या अ‍ॅपने ‘स्वच्छ’ केलेला फोटो वापरावा का?

वाचायला सोयीचा म्हणून खुशाल वापरा, पुरावा म्हणून नको. अशी अ‍ॅप्स कागद पांढरा आणि शाई काळी करताना बारीक ठिपके कचरा समजून पुसतात. मराठीत त्या कचऱ्यात अनुस्वार जातो. पुसट उकार आणि मात्रेचे टोकही जाते, आणि उरलेले पान इतके ठळक दिसते की शंकाच येत नाही.

यापेक्षा गंभीर प्रकार २०१३ साली उघड झाला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडे बदलत होती. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधून एकीच्या जागी दुसरी बसवत होते, त्यामुळे 6 च्या जागी 8 येत होता, तोही अगदी सुबक. म्हणून कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल जपून ठेवा, टिपेत तिचेच नाव द्या. सुधारलेल्या प्रतीत काही जास्त दिसले असेल तर कोणती प्रक्रिया केली तेही लिहा.

मजकुरात शंकेची खूण कशी करावी?

युरोपात प्राचीन ग्रीक-लॅटिन लेखांसाठी १९३१ साली लायडन इथे खुणांची पद्धत ठरली. तिच्यात अस्पष्ट अक्षराखाली टिंब देतात आणि नष्ट झालेला भाग चौकटी कंसात भरतात. कंस आपल्याला चालतो. अक्षराखालचे टिंब मात्र देवनागरीत नुक्त्याशी गोंधळते, म्हणून ते टाळावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत कमी खात्रीच्या पाठाखाली नागमोडी रेघ आहे. छापील पानावर ती उत्तम दिसते, पण साध्या टंकित फाइलमध्ये टिकत नाही.

व्यवहारात शब्दानंतर [?] आणि वाचताच न येणाऱ्या जागी [अस्पष्ट, अंदाजे ३ अक्षरे] एवढे पुरते. अक्षरांची संख्या शेजारच्या शब्दांच्या रुंदीवरून काढा. ‘पक्की’ ठरलेल्या शब्दाला मजकुरात खूण ठेवू नका, त्याची नोंद फक्त टिपेत राहू द्या.

मूळ लेखकाचीच चूक असेल तर दुरुस्त करावी का?

नाही. ‘पाउस’ लिहिले असेल तर ‘पाउस’च उतरवा. टिपेत अशा जागांचा वेगळा गट करा, म्हणजे तपासनीस ती तुमची टंकनाची चूक समजून सुधारणार नाही.

तपासनिसाला वेगळा शब्द दिसला तर?

टिपेतली तुमची नोंद खोडू नये. तिच्याखाली तपासनिसाचा पाठ आणि त्याचे कारण लिहावे. त्याने नवा पुरावा दाखवला असेल, म्हणजे तुम्ही न पाहिलेले एखादे पान किंवा तोच शब्द दुसरीकडे स्वच्छ, तर पाठ बदला. पुरावा तोच असून केवळ डोळ्यांना वेगळे दिसत असेल तर मजकुरात [?] परत आणा आणि खात्री एका पायरीने खाली घ्या. दोन अनुभवी माणसांना तेच चित्र वेगळे दिसले, तर ती जागा ‘पक्की’ राहू शकत नाही.

टिपेत नोंदींचा क्रम कसा असावा?

पानांच्या क्रमाने. तपासनीस फोटो त्याच क्रमाने उघडतो. सुरुवातीला सर्वत्र लागू असलेले नियम, नवा फोटो मिळणार नाही अशी पाने आणि ‘अंदाज’ पायरीवरच्या नोंदींचे क्रमांक द्या. वेळ कमी असेल तर त्याने निदान तेवढे शब्द पाहिलेच पाहिजेत.